कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये स्वतःचाच श्वास आणि पावलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शांत प्रसंग चित्रित करताना कॅमेऱ्यावर लावलेला माइक समोरच्यापेक्षा कॅमेरा धरणाऱ्यालाच जास्त ऐकतो, अशी तक्रार सारखी येते. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. लग्नाची वरात किंवा रहदारीचा रस्ता असेल तर यातलं काहीच वाचायची गरज नाही, तिथे तुमचा श्वास कुणालाच ऐकू येणार नाही. अडचण होते ती खोलीत फक्त कागद उलटल्याचा आवाज असतो तेव्हा.

१. मी अगदी हळू श्वास घेतो. तरी रेकॉर्डिंगमध्ये तो एवढा मोठा का येतो?

कारण माइक तुमच्या नाकाच्या जवळ आहे आणि समोरच्या माणसापासून लांब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. तुमचं नाक माइकपासून ३० सेंटिमीटरवर आणि बोलणारी व्यक्ती ३ मीटरवर असेल, तर अंतर दहापट झालं. म्हणजे नुसत्या जवळिकीमुळे तुमच्या श्वासाला २० डेसिबलची आघाडी मिळते. मोठ्याने बोलणारा माणूस ही आघाडी सहज मोडून काढतो. कुजबुजणारा माणूस किंवा सुईदोऱ्याचा आवाज ती मोडू शकत नाही.

पुढचे सगळे उपाय या एकाच हिशेबाभोवती फिरतात: नाक माइकपासून लांब न्या, ज्याचं चित्रण चाललंय तो विषय माइकजवळ आणा, किंवा नाकाकडून येणारं कमी ऐकेल असा माइक फिरवा. बाकीचे डावपेच त्यानंतर.

२. आवाज हवेतून येतोय की कॅमेऱ्याच्या अंगातून, हे कसं ओळखायचं?

हे आधी ओळखा, नाहीतर चुकीच्या औषधावर पैसे जातात. शांत खोलीत, गेन म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी एकाच जागी ठेवून, वीस-वीस सेकंदांचे चार तुकडे रेकॉर्ड करा. पहिल्यात कॅमेरा ट्रायपॉडवर आणि तुम्ही तीन मीटर लांब, हालचाल न करता. दुसऱ्यात कॅमेरा ट्रायपॉडवरच, पण तुम्ही त्याच्यामागे नेहमीच्या जागी, नेहमीसारखा श्वास घेत. तिसऱ्यात कॅमेरा हातात आणि श्वास रोखलेला. चौथ्यात कॅमेरा पुन्हा ट्रायपॉडवर आणि तुम्ही मागे जागच्या जागी हळू पावलं टाकत.

आता हेडफोन लावून ऐका. पहिला तुकडा म्हणजे खोलीचा स्वतःचा आवाज, तुलनेची पट्टी. दुसऱ्यात ‘फूऽऽस’ अशी ये-जा आली तर श्वास हवेतून येतोय. तिसऱ्यात गुरगुर, बोटांची चरचर किंवा पट्ट्याची कुरकुर आली तर ती कॅमेऱ्याच्या अंगातून चढतेय. चौथ्यात दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या: खोल ‘धप्’ जमिनीतून ट्रायपॉडच्या पायांवाटे वर येतो, आणि तळव्याची ‘खस्’ हवेतून येते. ‘धप्’साठी प्रश्न ६ आणि ७, ‘खस्’साठी प्रश्न ८.

बहुतेकांना दोन्ही सापडतं. त्यातलं जास्त कोणतं, तिथून सुरुवात करा.

३. ऑटो गेन बंद करावा का?

हो. शांत प्रसंगात तर नक्कीच. ऑटो गेनचं काम एकच, आवाज कमी झाला की नळ उघडायचा. समोरचा माणूस बोलायचा थांबला की कॅमेऱ्याला वाटतं आवाज हरवला, आणि तो गेन हळूहळू वर चढवतो. त्या शांततेत उरलेला सर्वांत जवळचा आवाज म्हणजे तुमचा श्वास, तोच फुगतो. माणूस पुन्हा बोलला की गेन खाली आपटतो. म्हणून अशा रेकॉर्डिंगमध्ये श्वास नेमका वाक्यांच्या मधल्या जागेत मोठा होत जाताना ऐकू येतो. ही ऑटो गेनची खूण आहे, ती एकदा ओळखलीत की नंतर चुकणार नाही.

मॅन्युअलवर ठेवून बोलण्याची शिखरं −१२ डेसिबलच्या आसपास जातील असा गेन लावा आणि मग हात लावू नका. मीटर शांततेत जवळजवळ झोपलेला दिसेल. दिसू द्या. शांतता शांतच रेकॉर्ड व्हायला हवी.

एक गैरसमज मात्र नको: गेन कमी केल्याने श्वास आणि विषय यांच्यातला फरक बदलत नाही, दोन्ही सारखेच खाली येतात. ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड केलं तरी तेच. त्याने आवाज फाटण्यापासून वाचतो, श्वासापासून नाही.

४. शॉट चालू असताना श्वास रोखून धरला तर?

पाच-सात सेकंदांच्या शॉटसाठी चालेल. त्याहून लांब शॉटला हा उपाय उलटतो, कारण रोखलेला श्वास सुटतो तेव्हा जो धापेसारखा आवाज येतो तो आधीच्या दहा श्वासांपेक्षा मोठा असतो. शिवाय श्वास रोखला की छातीतली धडधड जाणवू लागते आणि हातातला कॅमेरा तिच्या तालावर हलू लागतो.

त्यापेक्षा तोंड मोठं उघडून, जबडा सैल सोडून, हळू श्वास घ्या. नाकाची वाट अरुंद असते, तिच्यातून हवा वेगाने जाते आणि शिट्टीसारखा आवाज करते. उघड्या तोंडातून तीच हवा रुंद वाटेने, सावकाश जाते. आरशासमोर एकदा करून पाहा: नाकाने घेतलेला श्वास तुम्हालाच ऐकू येतो, ‘आ’ करून घेतलेला जवळजवळ येत नाही. दिसायला वेंधळं दिसतं, पण कॅमेऱ्यामागे असलेल्याकडे कोण बघतंय!

श्वास सोडताना मान किंचित बाजूला वळवा, म्हणजे फुंकर सरळ माइकवर जाणार नाही. जिने चढून आला असाल तर लगेच रेकॉर्ड दाबू नका, दोन-तीन मिनिटं थांबा. सर्दी झाली असेल तर प्रश्न १० वाचा आणि माइक कॅमेऱ्यावरून उतरवाच.

५. शॉटगन माइक फक्त पुढचं ऐकतो ना? मग मागचा श्वास कसा येतो?

‘फक्त पुढचं’ ही खोक्यावरची भाषा झाली. छोट्या शॉटगनची लांब नळी उंच स्वरांसाठी काम करते. खालच्या स्वरांत ती साध्या सुपरकार्डिऑइड माइकसारखीच वागते, आणि सुपरकार्डिऑइड सर्वांत बहिरा असतो तो बरोबर पाठीमागे नाही, तर पुढच्या दिशेपासून साधारण १२६ अंशांवर. सरळ पाठीमागे, १८० अंशांवर, त्याला एक छोटा कान असतो. तिथला आवाज समोरच्यापेक्षा जेमतेम १२ डेसिबलने कमी येतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की तुमचं तोंड नेमकं त्या मागच्या कानाच्या आसपास येतं.

साधा कार्डिऑइड उलट, बरोबर पाठीमागेच सर्वांत बहिरा असतो. त्यामुळे खोलीत, विषय जवळ असताना आणि डोळा व्ह्यूफाइंडरला असताना, स्वस्तातला कार्डिऑइड महागड्या शॉटगनपेक्षा तुमचा श्वास कमी उचलतो, असं होऊ शकतं. हे मला पटायला बरेच दिवस लागले.

शॉटगनच असेल तर कोनाशी खेळा. समजा कॅमेरा छातीशी धरून तुम्ही स्क्रीन बघताय. तोंड माइकच्या ३० सेंटिमीटर मागे आणि २५ सेंटिमीटर वर आहे. म्हणजे ते मागच्या अक्षापासून साधारण ४० अंश वर, पुढून मोजलं तर १४० अंशांवर आलं. बहिरी जागा १२६ वर आहे. माइकचं नाक १४ अंश वर उचललं की शेपूट तेवढंच खाली जातं आणि तोंड त्या बहिऱ्या जागेत येतं. समोरचा आवाज १४ अंश तिरका झाल्याने कानाला कळेल इतका कमी होत नाही. फक्त माइकचं टोक फ्रेममध्ये डोकावत नाही ना, ते वाइड लेन्सवर तपासा.

उघड्या मैदानात हे छान जमतं. टणक भिंतींच्या छोट्या खोलीत तुमचा श्वास समोरच्या भिंतीवरून परतून माइकच्या पुढून आत येतो, तिथे कोनाचा फायदा निम्मासुद्धा उरत नाही.

६. शॉक माउंट लावलाय, तरी ‘धप् धप्’ येतं. माउंट खराब आहे का?

बहुधा माउंट ठीक असतो, केबल त्याला फसवत असते. रबरावर माइक टांगलेला, पण केबल ताणून कॅमेऱ्याला लावलेली. मग धक्का रबराला वळसा घालून केबलमधून थेट माइकमध्ये पोचतो. केबलला माइकजवळ एक सैल वळण ठेवा, आणि तिचा उरलेला भाग कॅमेऱ्याच्या अंगावर चिकटपट्टीने पक्का करा, म्हणजे ती लोंबकळून आपटणार नाही.

मग माइक कुठे टेकत नाही ना ते बघा. केसाळ कव्हर घातल्यावर माइक जाडा होतो आणि त्याचे केस कॅमेऱ्याच्या हँडलला घासतात. रबर जुनं होऊन ओघळलं की माइकची शेपटी माउंटच्या चौकटीवर बसते. बोटाने माइक हलकेच ढकला. तो सर्व दिशांना मोकळा डोलला पाहिजे आणि कुठेही ‘टक्’ होता कामा नये.

माउंटची मर्यादाही आहे. तो वेगाने थरथरणारी कंपनं अडवतो. पण चालताना बसणारा मोठा, संथ हिसका त्याला अडवता येत नाही, माइकच डोलायला लागतो आणि शेवटी चौकटीला आपटतो. तो हिसका पायांतच मारावा लागतो (प्रश्न ८).

ट्रायपॉडवर ‘धप्’ येत असेल तर दोष लाकडी किंवा पोकळ जमिनीचा असतो. पायांखाली दुमडलेली जाड चटई किंवा फोमचे तुकडे ठेवा, आणि शॉट चालू असताना स्वतः हलू नका.

७. लो कट चालू केला तर दोन्ही प्रश्न सुटतील का?

एक अर्धा सुटेल. ८० हर्ट्झच्या आसपासचा लो कट, म्हणजे त्याखालचे खोल स्वर अडवणारी गाळणी, पावलांचा खोल ‘धप्’ आणि हाताळण्याची गुरगुर कमी करतो, आणि बोलण्याचं फारसं काही बिघडवत नाही. माइकवर १५० चा पर्याय असेल तर तोही शांत प्रसंगात चालतो, पण भारदस्त आवाजाचा माणूस थोडा पातळ वाटू लागतो. श्वासाचा ‘फूऽऽस’ शेकड्यांपासून हजारो हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. जिथे शब्द आहेत तिथेच तोही आहे, म्हणून लो कट त्याला हात लावू शकत नाही. फक्त थेट माइकवर बसणाऱ्या फुंकरीचा ‘भप्’ त्याने कमी होतो.

माइकवर बटण असेल तर तिथेच दाबा, नंतरवर ठेवू नका. धक्का इतका मोठा असेल की त्याने आवाज आतच फाटला, तर नंतरची गाळणी फाटलेलं शिवू शकत नाही.

८. चालत शॉट घ्यायचाच आहे. पावलं शांत कशी करायची?

बूट काढा. नुसते जाड मोजे गुळगुळीत जमिनीवर सर्वांत शांत असतात. घसरायची भीती असेल तर मऊ, पातळ रबरी तळव्याचे बूट, पण आधी ते चिरचिरत नाहीत ना ते त्याच जमिनीवर चालून बघा. फरशीवर काही रबरी तळवे प्रत्येक वळणावर किंचाळतात.

गुडघे किंचित वाकवून ठेवा. टाच अलगद टेकवा, मग पाऊल बाहेरच्या कडेने पुढे लोळवत पंजावर या, आणि वजन पूर्ण पुढे गेल्याशिवाय मागचा पाय उचलू नका. पावलं लहान ठेवा. उलटं चालताना हेच उलटं, पंजा आधी. याने चित्रही कमी उडतं. मांड्या भरून येतात आणि श्वास वाढतो, तेव्हा वीस सेकंदांपेक्षा लांब चाल आखताना हा हिशेब धरा.

खिशातली नाणी, किल्ल्या, गळ्यातलं ओळखपत्र आधीच काढून ठेवा. नायलॉनचं जॅकेट हाताच्या प्रत्येक हालचालीला बोलतं. मऊ सुती कपडा गप्प असतो. खडी आणि वाळलेली पानं यांवर मात्र कोणतीही चाल चालत नाही, तिथे चित्र आणि आवाज वेगळे घ्या (प्रश्न ११).

९. जिंबल घेतला तर पावलांचा आवाज जाईल का?

चित्रातला हिसका जाईल, आवाज नाही. तळव्याची ‘खस्’ हवेतूनच येते. वर जिंबलच्या मोटरांची बारीक गुणगुण भर घालते, आणि वजन हातांवर आल्याने धाप लवकर लागते. एक फायदा आहे: जिंबल हात लांब करून धरला की नाक माइकपासून दूर जातं.

१०. माइक कॅमेऱ्यावरून काढल्याने खरंच किती फरक पडतो?

एक उदाहरण आकड्यांसकट सांगतो. एका पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थांना मी काम करताना चित्रित करत होतो. ते दोऱ्याने पानांचे गठ्ठे शिवत होते, बोलणं नाही, फक्त दोरा कागदातून ओढल्याचा सर्रकन आवाज. माझ्यासाठी सगळा प्रसंग त्या आवाजातच होता. माइक कॅमेऱ्यावर, दोरा त्यापासून दीड मीटरवर, माझं नाक २५ सेंटिमीटरवर. पहिला टेक ऐकला तर दोऱ्यापेक्षा मीच जास्त होतो, आणि त्यांनी सुई ओढली की मीही नकळत श्वास ओढत होतो. दोन्ही एकाच तालात. संपादनात वेगळं करायची सोयच नाही.

हिशेब सरळ आहे. अंतराचं प्रमाण सहापट, म्हणजे श्वासाला साडेपंधरा डेसिबलची आघाडी. माइकची पाठ त्यातले फार तर बारा खाते. उरलेले तीन-साडेतीन माझ्याच बाजूने.

पहिला बदल: कॅमेरा ट्रायपॉडवर लॉक केला, रेकॉर्ड दाबून मी दोन मीटर मागे जाऊन बसलो. नाकाचं अंतर आठपट झालं, कागदावर १८ डेसिबलचा फायदा. खोलीतल्या प्रतिध्वनीमुळे प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही, पण श्वास खोलीच्या आवाजात मिसळून गेला. दुसरा बदल: एक्स्टेंशन केबल लावून माइक छोट्या स्टँडवर टेबलाच्या कडेला, फ्रेमच्या जरा खाली आणला, दोऱ्यापासून अर्ध्या मीटरवर. दीड मीटरचा अर्धा मीटर झाला, आणखी साडेनऊ डेसिबल विषयाच्या बाजूने. गेनही तेवढा उतरवता आला, त्यामुळे कॅमेऱ्याच्या सर्किटची सूंऽऽही खाली गेली. तिसऱ्या टेकमध्ये दोरा, कागद आणि त्यांच्या बोटांची हलकी खसखस, एवढंच होतं.

टेबलावर माइक ठेवताना खाली घडी केलेला टॉवेल ठेवा, नाहीतर टेबलावरची प्रत्येक ठोक स्टँडमधून वर येते. म्हणजे पावलं घालवून दुसरंच काहीतरी आणलंत.

११. माइक कॅमेऱ्यावरच ठेवावा लागतो आणि मला हलावंही लागतं. मग?

तर आवाज वेगळा घ्या. शॉट झाल्यावर कॅमेरा त्याच जागी ठेवून, तीच कृती पुन्हा करायला सांगा आणि माइक तिच्याजवळ नेऊन फक्त आवाज रेकॉर्ड करा. सोबत खोलीच्या नुसत्या शांततेचे निदान ३० सेकंद घ्या, कुणीही न हलता. संपादनात हेच ठिगळ लागतं (प्रश्न १४). संवाद असेल तर ही युक्ती ओठांशी जुळत नाही, तिथे कॉलरला लावायचा माइक हाच खरा मार्ग.

१२. केसाळ कव्हर किंवा तोंडावर कपडा, श्वासासाठी उपयोगी पडतं का?

फुंकरीसाठी हो, आवाजासाठी नाही म्हटलं तरी चालेल. श्वासाच्या दोन गोष्टी माइकपर्यंत येतात: हवेचा झोत आणि त्याचा आवाज. झोत कव्हरला अडतो. आवाज त्यातून आरपार जातो, कारण कव्हर बनवलेलंच त्यासाठी असतं. तोंडावर सैल रुमाल बांधल्यानेही झोत मोडतो, पण घट्ट बांधलात तर श्वास घ्यायला जोर लागतो आणि आवाज उलट वाढतो.

१३. शूट करताना हेडफोनमध्ये श्वास ऐकू आला नाही, नंतर ढीगभर सापडला. असं का?

कारण स्वतःचा श्वास तुम्हाला हाडांमधून आत ऐकू येतच असतो, आणि मेंदू तो आयुष्यभर वगळत आलाय. हेडफोनमधला श्वासही तो त्याच खात्यात टाकतो. कान बंद करणारा हेडफोन वापरा, आणि तीन सेकंद श्वास थांबवा, तीन सेकंद घ्या, असं दोनदा करून हेडफोनमधल्या फरकाकडेच लक्ष द्या. त्याहून भरवशाचं म्हणजे दहा सेकंद रेकॉर्ड करून तिथल्या तिथे परत ऐकणं.

आणखी एक लबाड शक्यता: माइकचा जॅक अर्धवट बसलेला असतो आणि कॅमेरा स्वतःच्या अंगातल्या माइकवरून रेकॉर्ड करत असतो. तो सगळीकडचं ऐकतो, तुमच्या बोटांचंही. बाहेरच्या माइकच्या जाळीवर नखाने अलगद खरवडा, मग कॅमेऱ्याच्या अंगावरच्या छिद्रांजवळ. कुठे मोठं ऐकू येतं त्यावरून कळेल. काही माइकना बोलणाऱ्या कॅमेरामनसाठी मागच्या बाजूलाही कान असतो आणि त्याचं वेगळं बटण असतं. तेही बंद आहे ना, बघा.

१४. रेकॉर्ड होऊन गेलंय, पुन्हा शूट शक्य नाही. आता काय?

‘पावलं’ आधी, कारण ती सोपी. सगळ्या फाइलवर ८० हर्ट्झची गाळणी लावा. संपादनाचं सॉफ्टवेअर नसेल तर ffmpeg या मोफत प्रोग्रॅमने, टर्मिनलमध्ये टाकलेल्या एका ओळीत होतं, चित्राला धक्का न लावता:

```
ffmpeg -i in.mov -c:v copy -af highpass=f=80 -c:a pcm_s16le out.mov
```

श्वासाला मात्र हाताने जावं लागतं. आवाजाचा नमुना घेऊन गोंगाट पुसणारी हत्यारं पंख्यासारख्या एकसुरी आवाजासाठी असतात. श्वास चढतो-उतरतो, म्हणून ती त्याला नीट पकडत नाहीत आणि त्याच्या जागी पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळाट ठेवतात. नॉइज गेटही नको. तो श्वासासोबत खोलीची शांतताही तोडतो, आणि प्रेक्षकाला मध्येच कुणीतरी आवाजाची वायर काढल्यासारखं वाटतं.

दोन वाक्यांच्या मधला श्वास कापा आणि त्या जागी खोलीच्या शांततेचा तुकडा बसवा, दोन्ही टोकांना छोटा क्रॉसफेड देऊन. ३० सेकंदांची शांतता घेतली नसेल तर त्याच शॉटमध्ये कुठेतरी अर्धा सेकंद तरी निर्मळ सापडतो, तो शोधा. एकच तुकडा पाठोपाठ वापरू नका, त्याचा ठेका कानाला लागतो. शांतता अजिबात सापडली नाही तर श्वास पूर्ण काढण्याऐवजी दहा-बारा डेसिबलने खाली दाबा.

शब्दावरच चढलेला श्वास राहिला. स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या संपादकात तो शब्दाच्या रेघांमध्ये पसरलेला धूसर डाग दिसतो, आणि रेघा सोडून डाग फिका करता येतो. एका शब्दाला पाच-दहा मिनिटं जातात. पूर्ण मुलाखतीत असं करायला बसू नका, ज्या दोन-तीन ठिकाणी ऐकणाऱ्याचं लक्ष खरंच उडतं तिथेच करा, आणि बाकीचं खालून वाजणाऱ्या वातावरणाच्या आवाजाखाली जाऊ द्या.